लागतो, विझतो, पुन्हा लागतो

लाखनी तालुक्यातल्या माझ्या मावसभावाचं छोटं कॉम्प्युटर सेंटर आहे. धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीचे दिवस म्हणजे त्याच्या दारात सकाळपासून सातबारा घेऊन उभी असलेली माणसं. नेमक्या त्याच दिवसांत एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, राउटर लागते, विझते, पुन्हा लागते. दिवे तर सारे पेटतात जी, पन नेट काही येत नाही." काय केलं होतंस, असं विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अपग्रेड करत होतो. मधातच लाइन गेली."

आमच्या भागात लाइन जाणं म्हणजे वीज जाणं. इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखा आणि कॉम्प्युटर. राउटरची पिन साध्या बोर्डात.

असा राउटर बहुतेक लोक मेला म्हणून टाकून देतात किंवा दुकानदार तसं सांगतो. पण जो राउटर पुन्हा पुन्हा चालू होतो, तो मेलेला नसतो. चालू होण्याची धडपड करणारं काहीतरी आत शाबूत आहे, म्हणून तर तो चालू होतो. हे "काहीतरी" काय, ते आधी समजून घेतलं की पुढची सगळी कृती सोपी जाते.

भावाकडे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन होता, नववी आवृत्ती. जुना, दोन अँटेनांचा, गावोगावी दिसणारा. त्याच्या पोटात ४ एमबीची एक फ्लॅश चिप असते. तिला बत्तीस पानांची वही समजा. पहिल्या पानावर, म्हणजे सुरुवातीच्या १२८ केबीत, बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. वीज आली की सगळ्यात आधी तो जागा होतो, पुढची पानं उघडतो आणि कारभार त्यांच्या हाती देतो. मधली सगळी पानं म्हणजे फर्मवेअर: वाय-फाय, सेटिंगचं पान, पासवर्ड, सगळं तिथं. आणि शेवटच्या ६४ केबीत त्या एकाच नगाच्या रेडिओची मोजमापं असतात, कारखान्यात एकदाच लिहिलेली. अपग्रेड करताना फक्त मधली पानं फाडून नवी लावली जातात. नेमकी तेव्हा वीज गेली तर अर्धी पानं नवी, अर्धी कोरी. बूटलोडर जागा होतो, मधलं पान उघडतो, वाचता वाचता कोऱ्या पानावर आपटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हेच ते लागणं-विझणं.

म्हणजे दुरुस्तीचा रस्ताही तोच: पहिल्या पानावरच्या त्या छोट्या प्रोग्रॅमला सांगायचं की मधलं वाचू नको, मी केबलवरून नवी पानं देतो ती लिहून घे. रिकव्हरी मोड तो हाच.

पण त्याआधी एक खात्री करायची असते, आणि इथेच घाई होते. राउटर घुमतो आहे तो फर्मवेअरमुळे की अडॅप्टरमुळे? आपल्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, मोटारी चालू झाल्या की दिवे मिणमिणतात, उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली अडॅप्टर हाताला चटका देतो. आतला कपॅसिटर थकला की अडॅप्टर रिकाम्यात पूर्ण व्होल्ट दाखवतो, पण राउटरने जरा जास्त वीज ओढली की कोसळतो. राउटर जास्त वीज कधी ओढतो? वाय-फायचा रेडिओ चालू होतो तेव्हा. म्हणून थकलेल्या अडॅप्टरचा राउटरसुद्धा थोडा वेळ चालून पुन्हा सुरू होतो आणि दिसायला अगदी फर्मवेअर बिघडल्यासारखाच दिसतो.

फरक ओळखायला हातातलं घड्याळ पुरतं. मी भावाला फोनवरच सांगितलं, दिव्यांच्या दोन झपक्यांमधले सेकंद मोज, पाच वेळा, आणि कागदावर लिही. त्याने लिहिलं: २२, २२, २२, २३, २२. फर्मवेअर तुटलेलं असेल तर अंतर असंच ठरलेलं येतं, कारण प्रोग्रॅम दर वेळी त्याच ओळीवर आपटतो. अडॅप्टरचा दोष असेल तर १५, ४०, ९, मग दोन मिनिटं नीट, असं वेडंवाकडं येतं आणि रात्री घर थंड झाल्यावर बरंही वाटू शकतं. दुसऱ्या दिवशी मी तिथं पोचल्यावर तरीही शेजारच्या दुकानातला अडॅप्टर लावून पाहिला. या राउटरला ९ व्होल्ट ०.६ अँपिअर लागतो. अँपिअर जास्त असलेला चालतो, व्होल्ट मात्र तेवढेच हवेत. सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका. नव्या अडॅप्टरवरही तेच २२ सेकंद. अडॅप्टर निर्दोष सुटला.

आता दिवे. या राउटरवर एक दातेरी चक्राचं चिन्ह असलेला दिवा आहे, तो सिस्टीमचा. त्याची भाषा आपल्या समजुतीच्या उलटी आहे. स्थिर दिवा म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. इथे तो लुकलुकत असेल तर राउटर नीट काम करतो आहे. स्थिर असेल तर राउटर अजून सुरू होतो आहे किंवा अडकला आहे. विझलेला असेल तर सिस्टीममध्ये दोष. भाऊ सांगत होता, "चक्र तर मस्त पेटलं आहे," आणि त्यालाच तो चांगली खूण समजत होता.

बिघडलेला राउटर पाहताना मी एका वर्तुळात दिवे कुठवर पोचतात ते बघतो. वीज देताच सगळे दिवे एकदम चमकून जातात, हे बूटलोडर जागा झाल्याचं लक्षण. मग पॉवर आणि चक्र राहतात. चक्र लुकलुकायला लागलं, वाय-फायचा दिवा आला आणि मग सगळं बंद पडलं, तर फर्मवेअर बरंचसं जिवंत आहे. तिथे बहुधा जुन्या सेटिंगचं नव्या फर्मवेअरशी जमत नसतं आणि चक्र लुकलुकत असण्याच्या त्या थोड्या वेळात रिसेटचं बटण दहा सेकंद दाबलं तर काम होऊन जातं. चक्र एकदाही न लुकलुकता सगळे दिवे पुन्हा चमकत असतील, तर मधली पानं फाटलेली आहेत. मग रिसेट कितीही दाबा. रिसेट दाबल्यावर सेटिंग पुसणारा प्रोग्रॅमच फर्मवेअरमध्ये असतो आणि तो अजून उठलेलाच नसतो. भावाने बटण दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला होता. तीस सेकंद दाबा, तीस सेकंद पिन काढा, पुन्हा तीस दाबा, असा एक घरगुती उतारा लोक सांगतात. फाटलेल्या फर्मवेअरवर त्याचा काही उपयोग नाही.

तिसरी अवस्थाही असते: वीज दिली की फक्त पॉवरचा दिवा, बाकी काही नाही, चमकणंही नाही. किंवा सगळे दिवे पेटून तसेच थिजलेले. याचा अर्थ पहिलं पानच गेलं. त्याच्याकडे शेवटी येतो.

भावाच्या राउटरचं चक्र एकदाही लुकलुकलं नाही. म्हणजे रिकव्हरी.

तयारीला लागलं ते असं: लॅन पोर्ट असलेला विंडोज कॉम्प्युटर, दोन लॅन केबल, आणि टीएफटीपी सर्व्हर नावाचा छोटासा मोफत प्रोग्रॅम. आम्ही `Tftpd64` वापरला. टीएफटीपी म्हणजे फाइल पाठवण्याची अगदी जुनी, बिनपासवर्डची पद्धत. १२८ केबीच्या बूटलोडरला तेवढीच झेपते. इथे गंमत अशी की आपण राउटरला फाइल ढकलत नाही, राउटर आपल्याकडे मागायला येतो. तो ठरलेल्या दारी येतो आणि ठरलेल्या नावाने हाक मारतो. दार म्हणजे कॉम्प्युटरचा आयपी पत्ता `192.168.0.66`. हाक म्हणजे फाइलचं नाव `wr841nv9_tp_recovery.bin`. यात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर तो मुकाट्याने परत जातो आणि काही सांगतही नाही.

नावातला `v9` हा राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरून घ्यायचा असतो. तिथे मॉडेलखाली आवृत्ती छापलेली असते, ९.२ असेल तर ९ धरायची. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. याच मॉडेलच्या दहाव्या, अकराव्या आवृत्तीला `v10`, `v11` लागतं. पण तेराव्या आणि चौदाव्या आवृत्तीच्या आतली चिपच वेगळ्या कंपनीची आहे. त्या `192.168.0.225` या पत्त्यावर येतात, `tp_recovery.bin` एवढंच नाव मागतात आणि फाइलची रचनाही निराळी लागते. डबा तोच, रंग तोच, नाव तेच, आतलं यंत्र दुसरं. मी खाली सांगतो ते नवव्या आवृत्तीचं आहे.

फर्मवेअरची फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच आवृत्तीची मोबाइलवर उतरवून घेतली. झिप उघडली. आत फाइलच्या नावात `boot` हा शब्द होता. इथे मी थांबलो, आणि तुम्हीही थांबा. नावात `boot` असलं की त्या फाइलच्या तोंडाशी बूटलोडरचीही प्रत जोडलेली असते. राउटर ठणठणीत असताना सेटिंगच्या पानावरून अपग्रेड केलं तर फर्मवेअर ती जोडणी ओळखून सांभाळून घेतं. रिकव्हरीत मात्र आलेली फाइल मधल्या पानांच्या जागी जशीच्या तशी लिहिली जाते. हिशेब करून पाहा: जोडलेला भाग १३१५८४ बाइटचा, खरं फर्मवेअर ३९३२१६० बाइटचं, मिळून ४०६३७४४. मधली जागा आहे ३९९७६९६ बाइटची. फाइल मावतच नाही. आणि न मावलेलं कुठे सांडेल? शेवटच्या त्या ६४ केबीत, जिथे रेडिओची मोजमापं आहेत. ती गेली तर राउटर सुरू होईल, पण वाय-फाय नीट चालणार नाही, आणि ती मोजमापं कुठेही डाउनलोड करायला मिळत नाहीत.

म्हणून तोंडाचा भाग कापायचा. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. मूळ फाइलचं नाव `orig.bin` ठेवून एक ओळ दिली:

```
dd if=orig.bin of=wr841nv9_tp_recovery.bin bs=512 skip=257
```

५१२ बाइटचे २५७ तुकडे सोडून पुढचं लिही, एवढाच याचा अर्थ. ५१२ गुणिले २५७ म्हणजे तेच १३१५८४. झाल्यावर नव्या फाइलचा आकार बघायचा: बरोबर ३९३२१६० बाइट आला तर कात्री योग्य जागी लागली. मग पेनड्राइव्हवरून भावाच्या कॉम्प्युटरवर नेली. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी लपवतं, त्यामुळे नाव बदलताना `.bin.bin` असं होऊन बसतं. शेपट्या दिसतील अशी सेटिंग आधी करून घ्या.

कॉम्प्युटरच्या लॅन कार्डला हाताने पत्ता द्यावा लागतो. `ncpa.cpl` असं टाइप केलं की कार्डांची खिडकी उघडते. तिथे पत्ता `192.168.0.66`, मास्क `255.255.255.0`, गेटवे रिकामा. वाय-फाय बंद केलं, नाहीतर कॉम्प्युटर कधी कधी दुसऱ्याच वाटेने बोलायला जातो. `Tftpd64` मध्ये फाइल ठेवलेला फोल्डर निवडला, वरच्या यादीतून हाच पत्ता निवडला. केबल राउटरच्या पिवळ्या लॅन पोर्टात, निळ्या इंटरनेट पोर्टात नाही.

मग राउटरची वीज बंद. मागचं रिसेटचं बटण दाबून धरलं, ते न सोडता वीज चालू केली, आणि कुलपाचं चिन्ह असलेला दिवा लागेपर्यंत, साधारण दहा सेकंद, धरून ठेवलं. दिवा लागला. सोडलं. बूटलोडरने ऐकलं होतं. आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. सर्व्हरच्या खिडकीत काहीच आलं नाही. अर्ध्या मिनिटात राउटर पुन्हा जुन्या २२ सेकंदांच्या फेऱ्यात.

पहिला संशय विंडोजच्या फायरवॉलवर. नवीन जोडणीला विंडोज अनोळखी सार्वजनिक नेटवर्क समजतं आणि आत येणारी मागणी अडवतं. दहा मिनिटांपुरती फायरवॉल बंद केली. इंटरनेट तसंही जोडलेलं नव्हतं. पुन्हा बटण, पुन्हा कुलूप, पुन्हा शांतता.

दुसरं कारण जास्त छुपं आहे आणि बहुतेक लोक इथेच हार मानतात. राउटरची वीज बंद केली की कॉम्प्युटरच्या लॅन कार्डाच्या दृष्टीने केबलच निघाली. वीज आल्यावर कार्डाला पुन्हा जोडणी ओळखायला आणि विंडोजला तो पत्ता कामाला लावायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात बूटलोडर दारावर येऊन, हाक मारून, निघून गेलेला असतो. उपाय सोपा आहे: दोघांच्या मध्ये एखादा साधा लॅन स्विच ठेवायचा, किंवा जुना चालू राउटर असेल तर त्याचे दोन लॅन पोर्ट वापरायचे (त्याचं डीएचसीपी बंद करून). मग राउटर मेला-जगला तरी कॉम्प्युटरची केबल स्विचमुळे जिवंतच राहते. सेंटरमध्ये प्रिंटरसाठी पाच पोर्टचा स्विच होता, तोच मध्ये घातला.

तिसऱ्यांदा कुलूप पेटलं आणि खिडकीत ओळ आली: `Read request for file <wr841nv9_tp_recovery.bin>`. पाठोपाठ ३९३२१६० बाइट गेल्याची नोंद, काही सेकंदांत. भाऊ लगेच वीज बंद-चालू करायला निघाला, त्याचा हात धरला. फाइल पोचली ती राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत, फ्लॅशवर लिहिणं आता सुरू झालेलं असतं, आणि या वेळी वीज गेली तर पहिल्यासारखंच होणार. म्हणून या वेळी राउटर इन्व्हर्टरवर होता. दोनेक मिनिटांनी सगळे दिवे एकदा चमकले, चक्र स्थिर झालं, आणि मग, त्या संध्याकाळनंतर प्रथमच, लुकलुकू लागलं.

यानंतरची कामं छोटी पण विसरण्यासारखी. लॅन कार्डाचा हाताने दिलेला पत्ता काढून पुन्हा आपोआप मिळण्यावर ठेवायचा आणि फायरवॉल चालू करायची. हे राहिलं तर दुसऱ्या दिवशी "नेट आलंच नाही" म्हणून पुन्हा फोन येतो. राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा झालेला असतो. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं युजरनेम-पासवर्ड पुन्हा भरावं लागतं, आणि ते भावाकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जोडणी देणाऱ्या मुलाला दोनदा फोन करून ते मिळवण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा रिकव्हरीत गेला नव्हता. सेटिंगच्या पानाचा पासवर्डही बदलायला विसरू नका, कारण तोसुद्धा मूळ पदावर, म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या शब्दावर गेलेला असतो.

दुसऱ्या कंपन्यांचे राउटर असतील तर तत्त्व हेच, बोलण्याची रीत निराळी. डी-लिंकच्या बऱ्याच राउटरांत रिसेट धरून वीज दिली की पॉवरचा दिवा लुकलुकतो आणि बूटलोडर स्वतःच एक छोटं वेबपान उघडतो. कॉम्प्युटरला `192.168.0.2` पत्ता देऊन ब्राउझरमध्ये `192.168.0.1` उघडायचं आणि फाइल चढवायची. टीएफटीपीची कटकट नाही. असुसमध्ये रिसेट धरून वीज दिल्यावर पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकला की रिकव्हरी आली, आणि फाइल पाठवायला कंपनीचाच मोफत प्रोग्रॅम आहे. राउटर बदलला की आधी त्याची ही खूण शोधा: कोणता दिवा, कसा लुकलुकतो. खूण दिसल्याशिवाय फाइल पाठवण्यात अर्थ नाही.

मात्र फायबरच्या जोडणीबरोबर कंपनीने दिलेला डबा असेल, ज्यावर पॉन आणि लॉस असे दिवे असतात, तर यातलं काहीही करू नका. लॉसचा लाल दिवा म्हणजे तारेतून उजेडच येत नाही, त्याचा फर्मवेअरशी संबंध नाही. त्या डब्याची नोंद कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये असते, त्याचं फर्मवेअरही कंपनीच लांबून बदलते. तो घुमत असेल तर मोजलेले सेकंद आणि दिव्यांची अवस्था सांगून तक्रार नोंदवा, एवढंच. "नेट बंद आहे" म्हणण्यापेक्षा "लॉस विझलेला आहे, पण डबा दर ४० सेकंदांनी सुरू होतो" म्हटलं तर तार तपासणारा न येता डबा बदलणारा माणूस येण्याची शक्यता वाढते.

आणि तिसरी अवस्था, पहिलं पान गेलेली. घरच्या घरी न उठणारा राउटर म्हणजे किती निरुपाय, याचं मोठं उदाहरण २०२३ चं आहे. २५ ते २७ ऑक्टोबर या तीन दिवसांत अमेरिकेतल्या एकाच इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांकडचे ६ लाखांहून अधिक राउटर निकामी झाले. लोकांना दिसत होता तो फक्त एक स्थिर लाल दिवा, रिसेटला दाद न देणारा. पुढे ल्युमेन या कंपनीच्या संशोधकांनी सांगितलं की चालुबो नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमच्या वाटेने हे घडवलं गेलं होतं. ते राउटर घरच्या घरी उठवता आले नाहीत, बदलूनच द्यावे लागले. आपल्या साध्या राउटरचं पहिलं पान गेलं तर फ्लॅश चिपवर चिमटा लावून प्रोग्रॅमरने ते लिहिता येतं. नागपूरला मोबाइलच्या बोर्डाचं काम करणारे हे करतात. पण ८४१एन सारख्या राउटरसाठी ती मजुरी देण्यापेक्षा नवा घेतलेला परवडतो.

भावाचा राउटर आता इन्व्हर्टरवर आहे. अपग्रेड करायचं झालं तर सकाळी, वाय-फायवरून नाही तर केबल लावून, सेटिंगची प्रत कॉम्प्युटरवर ठेवून, आणि पट्टी शंभर टक्क्यांवर गेल्यावरही दहा मिनिटं हात न लावता, असं ठरलं आहे. कापलेली फाइल त्याने पेनड्राइव्हवर तशीच ठेवली आहे. तुमच्याकडे नववी आवृत्ती असेल तर तुम्हीही आजच, नेट चालू आहे तोवर, एक करून ठेवा.